सावलीवरून झाडाची उंची: पद्धत आली कुठून?

झाडावर न चढता सावलीवरून त्याची उंची काढण्याच्या युक्तीची सर्वांत जुनी कथा ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातल्या ग्रीक विचारवंत थेलीसची आहे. ती लिहिली मात्र बऱ्याच नंतरच्या लेखकांनी, आणि दोन तऱ्हांनी. एकीत थेलीस स्वतःची सावली उंचीइतकी होईपर्यंत थांबतो आणि त्याच क्षणी पिरॅमिडची सावली मोजतो. प्लुटार्कच्या कथेत थांबणं नाही. तिथे सावलीच्या टोकाशी काठी उभी केली जाते, आणि सावल्यांचं जे गुणोत्तर तेच उंचींचं. एक मीटरची पट्टी उभी करून तिच्या सावलीशी झाडाची सावली ताडायची आपली पद्धत या दुसऱ्या कथेतली.

आपल्याकडे काठीच्या जागी १२ अंगुळांचा शंकू होता. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) छायाव्यवहाराचं प्रकरणच आहे. त्यातलं एक उदाहरण असं: साडेतीन हात उंचीच्या दिव्यापासून तीन हातांवर शंकू ठेवला, तर सावली किती? उत्तर १२ अंगुळे. शंकू आणखी लांब नेला तर सावली वाढते, कारण दिवा जवळ असतो. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण समांतर धरता येतात, म्हणून पट्टी झाडापासून कितीही पावलांवर उभी केली तरी चालते.

सोलापुरात मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमारास हे करून बघा. पट्टीची सावली ८० सेंटिमीटर पडते. शेजारच्या कडुनिंबाची सावली ९.६ मीटर भरली, तर ९.६ भागिले ०.८, म्हणजे झाड १२ मीटर. पण झाडाची सावली मोजून पट्टीकडे पंधरा मिनिटांनी वळलात, तर तिची सावली ९० सेंटिमीटर झालेली असते आणि तेच झाड १०.७ मीटरचं निघतं. दोघांनी एकाच वेळी खुणा कराव्यात हे उत्तम. पट्टी ओळंब्यात आणि जमीन सपाट हवीच.

अवघड काम सावलीचं टोक शोधण्याचं. सूर्य बिंदू नसून तबकडी आहे, त्यामुळे एवढ्या उंच शेंड्याची सावली हातभर नाही तरी वीतभर जागेत पुसट होत जाते. शिवाय कडुनिंबासारख्या पसरट झाडात, सूर्य वर असताना, सर्वांत लांब पडणारी सावली शेंड्याची नसून बाजूच्या फांदीची असू शकते. मग उंची जास्त येते. सकाळी किंवा उतरत्या उन्हात पुन्हा मोजून दोन्ही उत्तरं ताडून पाहिली की हे कळतं. सावली बुंध्याच्या कडेपासून नव्हे, मध्यापासून धरायची. पिरॅमिडलाही हीच अडचण होती: पायाची निम्मी रुंदी मिळवल्याशिवाय त्याची सावली पुरी होत नाही.

सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या १०-१२ तारखांच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, पट्टीची सावली तिच्या पायाशीच संपते आणि भागाकाराला काही उरत नाही. त्या दिवसांत सकाळी नऊच्या आतलं ऊन धरावं.