शस्त्रक्रियापूर्व हृदयधोक्याचे मूल्यमापन

हृदयाशी संबंध नसलेली शस्त्रक्रिया करण्याआधी रुग्णाचे हृदय तो ताण सोसेल का, याचा घेतलेला अंदाज. बोलीत याला ‘फिटनेस घेणे’ म्हणतात, पण तो शब्द थोडा फसवा आहे. यात रुग्ण पास किंवा नापास होत नाही. धोका किती आहे हे ठरते आणि तो कमी करण्यासाठी काही बदलता येईल का ते पाहिले जाते.

सुरुवात साध्या मोजणीने होते. १९९९ मध्ये मांडलेल्या सुधारित हृदयधोका निर्देशांकात सहा बाबींना प्रत्येकी एक गुण आहे: पोटातील, छातीतील किंवा जांघेच्या वरच्या भागातील रक्तवाहिन्यांवरची मोठी शस्त्रक्रिया, हृदयधमनीविकार, पूर्वीचे हार्ट फेल्युअर, पूर्वीचा पक्षाघात, इन्सुलिनवर असलेला मधुमेह आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे, रक्तात प्रति डेसिलिटर २ मिलिग्रॅमच्या वर गेलेले क्रिएटिनिन. मात्र एकच गुण असलेले दोन रुग्ण सारखे नसतात. एक रोज टेकडी चढतो, दुसऱ्याला अंघोळीनंतर धाप लागते. हा फरक म्हणजे कार्यक्षमता.

ती ‘मेट’ या एककात मोजतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणारा प्राणवायू म्हणजे १ मेट. न थांबता जिना चढायला साधारण ४ मेट लागतात. म्हणून ‘दोन मजले चढता का?’ हा प्रश्न रूढ झाला. उत्तर ऐकून डॉक्टर मनाशी अंदाज बांधतात, आणि तिथेच चूक होते. २०१८ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यांची क्षमता सायकल चाचणीत खरोखर ४ मेटपेक्षा कमी निघाली, त्यांपैकी जेमतेम १९ टक्के रुग्ण डॉक्टरांच्या अंदाजाला ओळखू आले होते. त्यापेक्षा ड्यूक अ‍ॅक्टिव्हिटी स्टेटस इंडेक्स ही बारा प्रश्नांची यादी विश्वासार्ह ठरली. अंघोळ, घरात चालणे, केर काढणे, जिना, धावणे अशा कामांना ठरलेले गुण असतात. जी कामे जमतात त्यांची बेरीज करायची. कमाल ५८.२, ३४ च्या खाली धोका वाढलेला दिसतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ६८ वर्षांच्या बाईंच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसवला. मधुमेहासाठी इन्सुलिन आहे. पोटाची शस्त्रक्रिया, हृदयधमनीविकार आणि इन्सुलिन असे तीन गुण झाले. स्वतःची कामे (२.७५), घरात चालणे (१.७५), सपाट रस्त्यावर थोडे चालणे (२.७५), भांडी घासण्यासारखी हलकी कामे (२.७) आणि केर काढणे (३.५) जमते, जिना जमत नाही. बेरीज १३.४५. पण जिना का चढत नाही, हे विचारायलाच हवे. बाईंचे उत्तर असे की गुडघा दुखतो, धाप लागत नाही. मग आकडा हृदयाबद्दल फारसे सांगत नाही. क्षमता ‘कमी’ नसून ‘अज्ञात’ आहे.

आता हृदयावर मुद्दाम ताण देऊन पाहणारी स्ट्रेस टेस्ट करावी का? त्याआधी विचारावे, ती बिघडलेली आली तर काय करणार? छातीत दुखत नसतानाही नवा स्टेंट बसवला तर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या सुरू होतील, शस्त्रक्रिया काही महिने लांबेल आणि गाठ वाढेल. शिवाय मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेआधी, लक्षणे स्थिर असताना, धमन्या मोकळ्या करून जगण्याची शक्यता वाढत नाही, हे २००४ च्या चाचणीत दिसले. म्हणून इथे ईसीजी आणि हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी पुरे. हृदयात नवा मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबरचा जादा आवाज, ऐकू आला असता किंवा नवी धाप असती, तर इको आवश्यक होता. नव्याने वाढलेले छातीचे दुखणे असते, तर गणितच बदलले असते.

औषधांमध्ये मात्र खरा फरक पडतो. आधीपासून चालू असलेला, नाडीचा वेग कमी करणारा बीटा-ब्लॉकर आणि कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन तसेच ठेवतात. स्टेंट असल्याने अ‍ॅस्पिरिनही शक्यतो चालू राहते. मधुमेहाची ग्लिफ्लोझिन गटातील गोळी मात्र तीन-चार दिवस आधी थांबवतात, कारण साखर जवळपास सामान्य असतानाही रक्तात आम्ल साठू शकते आणि ग्लुकोमीटर पाहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. नवा बीटा-ब्लॉकर शस्त्रक्रियेच्या दिवशी सुरू करणे ही चांगल्या हेतूने होणारी चूक आहे. २००८ च्या पॉइज चाचणीत त्याने हृदयविकाराचे झटके कमी केले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढवले.

शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामकांमुळे झटका बहुधा दुखत नाही. म्हणून बाईंचे एनटी-प्रोबीएनपी ३०० किंवा त्याहून जास्त आले, तर पहिले दोन-तीन दिवस रोज ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन, तपासतात. तो अर्थपूर्ण ठरावा म्हणून शस्त्रक्रियेआधीचा एक नमुनाही घेऊन ठेवतात, कारण काहींचा ट्रोपोनिन आधीपासूनच वाढलेला असतो.