दोन कर्जदार एकत्र बुडायची शक्यता: कॉप्युला आला कुठून

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे दोन कारखाने आहेत असं धरा, वर्षभरात प्रत्येकाचं कर्ज बुडायची शक्यता ५ टक्के. दोघं एकदम बुडायची किती? सरळ गुणाकार केला तर ०.२५ टक्के, पण तो तेव्हाच बरोबर जेव्हा एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, आणि इथे सुताचा भाव दोघांना एकाच दिवशी लागतो. नुसत्या दोन ५ टक्क्यांवरून उत्तर शून्य ते ५ मध्ये कुठेही असू शकतं, म्हणजे तिसरा आकडा कुठूनतरी आणावाच लागतो.

जोडणारं गणित १९५९ चं आहे, वेगवेगळ्या शक्यता एकत्र बांधणाऱ्या फंक्शनला कॉप्युला म्हणतात एवढं पुरे. १९७४ मध्ये कंपनीच्या मालमत्तेची किंमत कर्जाखाली गेली की डिफॉल्ट, म्हणजे कर्ज बुडालं, हे मॉडेल आलं. २००० मध्ये नवरा-बायकोच्या मृत्यूचे विम्यातले हिशोब कर्जाला लावून गॉशियन, म्हणजे घंटेच्या आकाराच्या सामान्य वितरणावर बेतलेला, कॉप्युला बाजारात आला, आणि खरा घोळ तिथून.

घोळ असा की दोन गोष्टी किती सोबत हलतात ते सांगायला त्यात कोरिलेशन म्हणून जो आकडा घालतात तो डिफॉल्टचा नसतोच, मागे धरलेल्या मालमत्तेच्या किमतींचा असतो. आपल्या कारखान्यांना ०.३ घाला. ५ टक्क्यांची रेघ सामान्य वितरणावर −१.६४५ ला येते, दोघं तिच्याखाली जायची शक्यता साधारण ०.७१ टक्के निघते, गुणाकाराच्या जवळपास तिप्पट. त्यातून ०.२५ वजा करून ०.०५ × ०.९५ ने भागलं की डिफॉल्टचं कोरिलेशन जेमतेम ०.१! दोन्ही आकड्यांना लोक कोरिलेशनच म्हणतात, आणि ०.१ उचलून मॉडेलमध्ये घातला की जोखीम आपोआप कमी दिसते.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. एक बुडाला तर दुसरा बुडायची शक्यता वर १४ टक्के येते, पण प्रत्येकाची बुडायची शक्यता ५ ऐवजी १ टक्का धरली तर तेच ०.३ ठेवून ती ५.६ वर येते, म्हणजे घटना जितकी दुर्मिळ तितकं हे मॉडेल त्यांना एकमेकांपासून सुटं करतं. मंदीत नेमकं उलटं होतं. टोकाच्या घटनाही एकत्र बांधून ठेवणाऱ्या टी-कॉप्युलात हे होत नाही, पण एका आकड्यात भाव सांगायची सोय ट्रेडर लोकांना सोडवेना. मे २००५ मध्ये दोन मोठ्या अमेरिकन कार कंपन्यांचं रेटिंग जंकमध्ये, म्हणजे जोखमीच्या कर्जांच्या वर्गात, गेलं तेव्हाच ट्रँचचे, म्हणजे कर्जांच्या गठ्ठ्याचे जोखमीनुसार पाडून विकलेल्या तुकड्यांचे, हेज म्हणजे तोटा झाकायचे उलटे सौदे फसले होते, तरी २००७ पर्यंत गाडी तशीच चालू.

आणि गंमत म्हणजे बँकांनी किती भांडवल ठेवायचं ते ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय बासेल २ नियमांच्या सूत्रात आत तीच गॉशियन कल्पना आहे, कंपन्यांसाठी कोरिलेशन ०.१२ ते ०.२४, कर्जदार जितका कच्चा तितकं कमी, आणि छोट्या धंद्याला त्यातूनही ०.०४ पर्यंत सूट. छोट्याचं दुखणं त्याचं एकट्याचं असतं असं त्यात धरलंय. सुताचा भाव उसळला की अख्खी यंत्रमागाची लाईन एकदम अडचणीत येते, तिथे हे मला तरी पटत नाही.