फ्रिज घेताय? कंपनी ठरवायच्या आधी हे एकदा वाचा

आमच्या करमाळ्यातल्या दुकानात गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या कंपनीचा चांगला?" खरं सांगायचं तर तीन-चार माणसांच्या घराला लागणाऱ्या १८० ते २५० लिटरच्या फ्रिजमध्ये नावाजलेल्या कंपन्यांच्या थंड करण्यात फार फरक नसतो, फरक पडतो तो दोनच गोष्टींनी, आत कॉम्प्रेसर कुठला आहे आणि तो बंद पडला तर तुमच्या दारात कोण येणार. आणि या दोन्ही गोष्टी एकत्रच बघाव्या लागतात, म्हणून हा कागद.

कॉम्प्रेसरचं आधी. साधा कॉम्प्रेसर एकाच स्पीडने चालतो, गार झालं की बंद, गरम झालं की परत चालू. प्रत्येक वेळी सुरू होताना तो चालू असतानापेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडलं की नेमकी इथेच गोची होते, मोटर सुरू व्हायचा प्रयत्न करते, होत नाही, तापते, मग ओव्हरलोड नावाचा सेफ्टीचा पार्ट तिला बंद करतो. फ्रिजच्या मागून थोड्या थोड्या वेळाने 'टक' असा आवाज येतोय आणि गारवा नाही, तर बहुतेक वेळा हेच चाललेलं असतं. अशा वेळी प्लग काढून ठेवा, नाहीतर वाइंडिंग जळायची वेळ येते. लाइट गेली आणि लगेच आली तरी तसंच, आतलं गॅसचं प्रेशर सारखं व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणून साध्या कॉम्प्रेसरला टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर घ्याच असं आम्ही सांगतो. पण याची चांगली बाजू अशी की मोटर सुरू करून देणारा रिले किंवा ओव्हरलोड गेला तर पार्ट काही शे रुपयांत येतो आणि गावातला कुठलाही बरा मेकॅनिक तो बदलून देतो.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा आणि घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरचा काही संबंध नाही, हा गैरसमज खूप जणांचा असतो. यात मोटरचा स्पीड एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड कमी-जास्त करतो. हळू सुरू होतो, हळू पण बराच वेळ चालत राहतो (म्हणून "फ्रिज बंदच होत नाही" अशी तक्रार घेऊन येऊ नका, तो तसाच चालतो), आवाज कमी, लाइट कमी खातो आणि कमी व्होल्टेजवर पण निघतो. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं भारी नाव दिलंय, काम साधारण एकच. कमजोर जागा एकच, तो बोर्ड. विजेचा झटका आला किंवा लाइट येताना व्होल्टेज उसळलं तर बोर्ड जातो, तो दोन-तीन हजार किंवा त्याच्याही वर जातो, आणि गावातल्या मेकॅनिककडे तो नसतो, कंपनीकडूनच मागवावा लागतो.

आता वॉरंटीचं. जाहिरातीत लिहिलेली "१० वर्षं" असते ती सहसा फक्त कॉम्प्रेसरची, आख्ख्या फ्रिजची बहुतेक एकच वर्ष. म्हणजे सहाव्या वर्षी कॉम्प्रेसर गेला तर नवा कॉम्प्रेसर फुकट मिळेल, पण गॅस भरणं, मजुरी, येण्याजाण्याचा खर्च बऱ्याचदा तुमच्याकडूनच घेतात. आणि बोर्ड त्या १० वर्षांत बसतो का, हे वॉरंटी कार्डावर वाचून बघा, आम्हाला विचारा, आम्ही कार्ड उघडून दाखवतो.

सर्व्हिसबद्दल लोकांचा अंदाज हमखास चुकतो. एलजी, व्हर्लपूल आणि हायरचे फ्रिज पुण्याजवळ रांजणगावला बनतात, गोदरेजचा कारखाना शिरवळला आहे. म्हणून सगळ्यांना वाटतं कंपनी इथलीच आहे, माणूस लगेच येईल. कारखान्याचा आणि दुरुस्तीच्या माणसाचा काडीचा संबंध नसतो. तालुक्याच्या गावात सर्व्हिस बहुतेक फ्रँचायझीवाला बघतो, आणि त्याने काम सोडलं की तोच ब्रँड एका महिन्यात चांगल्याचा वाईट होतो. म्हणून घ्यायच्या आधीच कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन करा, तुमचा पिनकोड सांगा आणि विचारा, माणूस कुठल्या गावातून येणार, किती दिवसांत, गावाबाहेर वस्तीवर यायचे वेगळे पैसे आहेत का, आणि या मॉडेलचा बोर्ड जवळच्या सेंटरला असतो की मागवावा लागतो. फोनवर गोलगोल उत्तर मिळालं तर तेच उत्तर समजा.

एक उदाहरण सांगतो. गावापासून लांब वस्तीवर राहणारं कुटुंब, नवरा-बायको, एक मुलगी आणि आजी. घरचं दूध, भाजी, मळलेली कणीक, उन्हाळ्यात बर्फ, एवढंच ठेवायचं. त्यांच्या डोक्यात २४० लिटरचा डबल डोअर होता. आम्ही म्हटलं १९० चा सिंगल डोअर बास होईल, कारण डबल डोअर बहुतेक फ्रॉस्ट फ्री असतो, म्हणजे त्यातला बर्फ आपोआप वितळतो, पण त्यासाठी पंखा, हीटर, सेन्सर असे बिघडायला जास्त पार्ट असतात, सिंगल डोअरला फक्त अधूनमधून बटण दाबून बर्फ वितळवावा लागतो. (सुरी घालून बर्फ उकरू नका हो, फ्रीजरचा पत्रा अल्युमिनियमचा असतो, भोक पडलं की गॅस गेला, आणि हे वॉरंटीत येत नाही.)

मग साधा का इन्व्हर्टर. दोन मॉडेलची स्टारची लेबलं शेजारी ठेवली, साध्यावर वर्षाला १६५ युनिट, इन्व्हर्टरवर १२०. फरक ४५ युनिटचा, ८ रुपयांनी धरा, वर्षाला ३६० रुपये. इन्व्हर्टर २,२०० ने महाग, म्हणजे नुसत्या बिलावर पैसे निघायला सहा वर्षं, आणि मध्येच एकदा बोर्ड गेला तर सगळी बचत पाण्यात. इथपर्यंत साधाच बरा वाटत होता. पण त्यांच्याकडे शेतीपंपाच्या मोटारी चालू झाल्या की संध्याकाळी व्होल्टेज १६५ पर्यंत येतं, म्हणजे साध्याला स्टॅबिलायझर लागणारच, तो १,८०० चा. फरक उरला ४०० चा. त्यांनी आधी पसंत केलेल्या कंपनीने फोनवर सांगितलं की माणूस सोलापूरहून येईल, दिवस सांगता येणार नाही. दुसऱ्या कंपनीचा फ्रँचायझीवाला इथेच गावात बसतो आणि बोर्ड ठेवतो. शेवटी त्यांनी दुसऱ्या कंपनीचा इन्व्हर्टर सिंगल डोअर घेतला. फ्रँचायझीवाला गावात नसता तर आम्ही साधा कॉम्प्रेसर आणि स्टॅबिलायझरच घ्यायला सांगितलं असतं, स्वस्त पडतो म्हणून नाही, दुरुस्त करणारा जवळ मिळतो म्हणून.

इन्व्हर्टर घेतला आणि "स्टॅबिलायझरची गरज नाही" असं लिहिलेलं असलं तरी त्याखाली व्होल्टेजची रेंज छापलेली असते ती बघा. तुमच्याकडे व्होल्टेज त्याच्या खाली किंवा वर जात असेल तर स्टॅबिलायझर लावाच.

गॅसचं एक राहिलं. आताच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए गॅस असतो, तो पेट घेणारा आहे आणि भरायचा असतो अगदी थोड्या ग्रॅमच्या हिशोबात, नेमका आकडा कॉम्प्रेसरजवळच्या स्टिकरवर असतो. मेकॅनिककडे व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा नसेल, किंवा तो "जुना १३४ गॅस भरतो, चालतंय" म्हणाला, तर त्याला हात लावू देऊ नका, त्या कॉम्प्रेसरला तो गॅस चालत नाही.

डिलिव्हरी आडवी करून आणलेली असेल तर फ्रिज उभा करून काही तास तसाच ठेवा, मगच प्लग लावा. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर दोन्ही घालून घ्या, आमच्याकडून राहिला तर परत या, लिहून देतो.