व्हीलचेअर-सुलभ स्नानगृह

व्हीलचेअर-सुलभ स्नानगृह : व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला खुर्चीसकट आत येता यावे, कमोडवर आणि आंघोळीच्या बैठकीवर सरकता यावे आणि पुन्हा बाहेर पडता यावे, अशा मापांनी बांधलेले किंवा बदललेले स्नानगृह. यात चार मापे निर्णायक असतात : दाराची निव्वळ रुंदी, खुर्ची वळवायला लागणारी जागा, कमोडशेजारची मोकळी जागा आणि बसण्याच्या व धरण्याच्या वस्तूंची उंची. आधारदांड्या बसवल्या पण दारातून खुर्चीच आत गेली नाही, तर दांड्यांचा उपयोग शून्य. म्हणून मोजणी दारापासून सुरू करायची.

या विषयातली पहिली लिखित मानके 1961 साली अमेरिकेत ए117.1 या नावाने निघाली. त्यांच्यामागे इलिनॉय विद्यापीठात टिमथी न्यूजंट यांनी केलेले काम होते. खुर्ची वळवायला 60 इंच, म्हणजे सुमारे 1500 मिमी जागा हवी, हा आकडा तिथून जगभर पसरला. तो त्या काळच्या हाताने ढकलायच्या खुर्चीचा आहे. विजेवरच्या खुर्च्या आल्यावर तो अपुरा पडू लागला आणि 2017 च्या आवृत्तीत नव्या इमारतींसाठी तो 67 इंच करण्यात आला. भारतात 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आणि केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाची 2021 ची सुलभतेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे हा आधार आहे. त्यातली सक्ती सार्वजनिक वापराच्या इमारतींपुरती आहे. राहत्या फ्लॅटमध्ये काय करायचे ते घरच्यांनी आणि मिस्त्रीनेच ठरवायचे असते, आणि खरी अडचण तिथेच असते.

दार. आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये बाथरूमचे दार ‘अडीच फुटी’ असते. हे अडीच फूट भिंतीतल्या भगदाडाचे, म्हणजे सुमारे 760 मिमी. त्यातून दोन्ही बाजूंची चौकट वजा करायची. चौकट प्रत्येकी 60 मिमी धरली तर 640 उरतात. दार काटकोनात उघडले तरी फळीची जाडी वाटेतच राहते, ती 30 मिमी धरली तर हातात उरतात 610. अठरा इंची बैठकीची साधी घडीची व्हीलचेअर चाकांवरच्या कड्यांसकट साधारण 640 मिमी रुंद असते. ती या दारातून जात नाही. घरातले लोक ‘दार तर अडीच फूट आहे, खुर्ची दोन फुटांची आहे’ असा हिशेब करून खुर्ची आणतात आणि घोटाळा कळतो तो रुग्ण घरी आल्यावर. निव्वळ रुंदी मोजताना दार नव्वद अंशात उघडायचे आणि उघड्या फळीच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीच्या खाचेपर्यंत फीत लावायची. भारतीय मानकांत हे माप 900 मिमी सांगितले आहे. त्यासाठी भिंतीत सुमारे साडेतीन फुटांचे भगदाड लागते. अमेरिकेत किमान माप 815 मिमी आहे, आणि घरगुती वापरातल्या साध्या खुर्चीला तेवढे पुरते. चाकांवरची कडी हाताने ढकलणाऱ्याच्या बोटांच्या पेरांना दोन्ही अंगांना दीड-दोन इंच जागा लागते, हे मात्र विसरू नये.

दार आत उघडणारे नसावे. ते आतली वळायची जागा खाते, शिवाय माणूस आत दाराशीच पडला तर ते उघडतच नाही. बाहेर उघडणारे किंवा भिंतीच्या बाहेरच्या अंगाने सरकणारे दार घ्यावे. सरकत्या दारात फळीची जाडी वाचते आणि जाड चौकटीऐवजी पातळ पट्टीवर भागते. त्याबदल्यात फटीतून आवाज आणि वाफ बाहेर येते, आणि दार सरकायला बाहेर तेवढी मोकळी भिंत लागते. दार रुंद करण्याआधी भिंत कशाची आहे ते पाहायचे. चार इंची विटांची किंवा सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांची भिंत फोडता येते, वरचा लिंटेल लांब करावा लागतो एवढेच. पण गेल्या काही वर्षांत मायवान पद्धतीने उभ्या राहिलेल्या टॉवरांत आतल्या भिंतीही सळ्यांच्या काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्यांच्यावर असतो. तिथे दाराला हात लावता येत नाही. अशा घरात अरुंद खुर्ची किंवा छोट्या चाकांची कमोड-खुर्ची हाच मार्ग उरतो.

उंबरठा. बाथरूमचे पाणी खोलीत येऊ नये म्हणून लावलेली ग्रॅनाइटची पट्टी खुर्चीची पुढची छोटी चाके अडवते. अर्ध्या इंचापर्यंतचा, दोन्ही बाजूंनी उतरता केलेला उंबरठा चालतो. तो काढला तर पाणी अडवायचे काम उताराने करावे लागते. दारालगत आडवी लांब जाळी बसवून आतली फरशी तिच्याकडे हळूच उतरती करतात. उतार दर मीटरला दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त झाला की खुर्ची आपोआप सरकू लागते. बाथरूमखाली सनकन स्लॅब, म्हणजे मुद्दाम खाली घेऊन वर भराव टाकलेला स्लॅब, असेल तर तो भराव काढून हे जमते, पण मग वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागते. त्यात कसूर झाली की महिन्याभरात खालच्या मजल्याच्या छताला ओल येते आणि सोसायटीत तक्रार जाते.

कमोड आणि शेजारची जागा. पायांत बळ नसलेला माणूस खुर्ची कमोडच्या बाजूला, त्याच दिशेला तोंड करून लावतो, खुर्चीचा हात काढतो आणि हातांच्या जोरावर आडवा सरकतो. म्हणून कमोड भिंतींच्या मधोमध बसवायचा नसतो. तो एका भिंतीकडे घेतात : भिंतीपासून कमोडच्या मध्यरेषेपर्यंत सुमारे 460 मिमी. एवढ्या अंतरावर भिंतीवरची दांडी हाताच्या टप्प्यात राहते आणि कोपरही आपटत नाही. दुसऱ्या बाजूला कमोडच्या कडेपासून 900 मिमी मोकळे ठेवायचे. या जागेत बादली, कपड्यांची टोपली किंवा वॉशिंग मशीन आले की स्नानगृह सुलभ राहिले नाही, मग कागदावर काहीही असो.

बसायची उंची खुर्चीच्या गादीशी जुळली पाहिजे. बाजारातला साधा कमोड झाकणाच्या बैठकीसह जेमतेम 410-420 मिमी उंच असतो, तर मानकांत 450 ते 480 सांगितले आहे. उताराच्या दिशेने सरकणे सोपे आणि परत चढणे अवघड, म्हणून बैठक सखल असली तर माणूस कमोडवर जातो पण तिथेच अडकतो. कमोडखाली कडप्प्याचा तुकडा देऊन उंची वाढवता येते. मात्र तो तुकडा कमोडच्या बुडाबाहेर आला, तर खुर्चीचे पायठेव त्यावर आपटतात. भिंतीवर टांगलेला कमोड बसवतानाच हव्या उंचीवर घेता येतो. इथे एक गोष्ट आधी ठरवावी लागते. भोक असलेली चाकांची कमोड-खुर्ची थेट कमोडवर ढकलायची असेल, तर तिच्या सांगाड्याखालच्या मोकळ्या उंचीपेक्षा कमोड कमी हवा. कमोड आधीच उंच करून ठेवला तर ही खुर्ची त्यावर जात नाही. दोन्ही सोयी एकदम मिळतीलच असे नाही.

भिंतीवरची आडवी दांडी बैठकीच्या सुमारे 200 मिमी वर असते. मोकळ्या बाजूला वर उचलता येणारी दांडी लावतात, कारण स्थिर दांडी सरकण्याच्या वाटेतच येईल. दांडीची जाडी 38 ते 45 मिमी ठेवतात. अमेरिकी नियमात तिने 250 पौंड, म्हणजे सुमारे 113 किलोचा जोर सोसावा असे आहे. सिपोरेक्सच्या भिंतीत साधा फास्टनर ठोकून हे होत नाही. काही आठवड्यांत दांडी किंचित हलू लागते आणि टाईलभोवती केसासारखी चीर दिसते. ही चीर दिसली की दांडी वापरणे थांबवायचे. अशा भिंतीत आरपार बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पट्टी देतात.

एक उदाहरण. नकाशात पाच बाय आठ फुटांचे बाथरूम आहे, दार आखूड भिंतीत, कमोड समोरच्या भिंतीला. पाच फूट म्हणजे 1525 मिमी. प्लास्टर आणि टाईल दोन्ही बाजूंनी धरून 55 मिमी गेले तर उरतात 1470. वळायचे 1500 चे वर्तुळ इथेच हरते, टाईलच्या जाडीपायी. मग खुर्ची आत वळवायचीच नाही असे ठरवता येते. बाहेरून आत पाहताना उजवीकडे येणाऱ्या भिंतीलगत दार घेऊन भगदाड तीन फुटांचे केले आणि दार बाहेरून सरकते ठेवले. पट्ट्या आणि फळीची थोडी आत राहणारी कड वजा जाता 830 मिमीच्या आसपास वाट मिळते. कमोड डाव्या भिंतीपासून 460 वर आहे. त्याची अर्धी रुंदी 185 धरली तर उजवीकडे 825 उरतात. मानकाचे 900 मिळत नाहीत, पण 640 ची खुर्ची त्यात बसते. माणसाने खोलीतच पाठ फिरवून मागे-मागे आत यायचे, थेट कमोडच्या शेजारी थांबायचे आणि परत निघताना सरळ पुढे जायचे.

अशी पाठमोरी खुर्ची आली की बसलेल्याचे तोंड दाराकडे असते आणि कमोड त्याच्या उजव्या हाताला येतो. पक्षाघाताने डावी बाजू कमजोर झाली असेल तर जाताना हे सोयीचे, कारण माणूस आपल्या धड बाजूकडे सरकतो. परतीला मात्र त्याला कमजोर बाजूकडे यावे लागते. तेव्हा उजव्या हाताला असलेली भिंतीवरची दांडी दाबूनच तो उठू शकतो, आणि सुरुवातीला मदतीला कोणीतरी लागतेच. उजवी बाजू गेली असेल तर संपूर्ण मांडणी आरशातल्यासारखी उलटी करावी लागते. म्हणून प्लंबरने मलवाहिनी हलवण्याआधी फिजिओथेरपिस्टला एकदा विचारावे.

आंघोळीसाठी डाव्या भिंतीवर, कमोड आणि दार यांच्या मधे, घडी होणारी बैठक त्याच उंचीवर लावली की खुर्ची थोडी पुढे घेऊन तशाच उजव्या बाजूला सरकता येते. बसल्या जागी नळ, हातशॉवर आणि जेट स्प्रे पोहोचले पाहिजेत. आपल्याकडच्या बादली-मगाला खाली वाकावे लागते, आणि तोल जातो तो नेमका तिथे. बादली ठेवायचीच तर गुडघ्याच्या उंचीच्या स्टुलावर.

वॉश बेसिन या उदाहरणात बाहेरच ठेवलेले बरे. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत ते आधीपासून पॅसेजमध्ये असते. त्याची वरची कड 850 मिमीच्या आत हवी आणि खाली गुडघ्यांना साधारण 680 मिमी मोकळी उंची. खांबावरचे बेसिन यात बसत नाही, आणि बाटलीसारखा ट्रॅप भिंतीकडे सरकवावा लागतो. गरम पाण्याचा पाइप उघडा असेल तर त्याला वेष्टण हवे, कारण संवेदना गेलेल्या पायाला चटका बसलेला कळत नाही.

मदतीच्या घंटीची दोरी कमोडजवळ टांगतात. तिचे टोक जमिनीपासून सुमारे 300 मिमीवर असावे, म्हणजे पडलेल्या माणसाचाही हात पोहोचतो. झाडूपोछा करताना अडचण होते म्हणून ही दोरी वर गुंडाळून ठेवलेली बऱ्याच ठिकाणी दिसते.