प्रॉम्प्ट-छायाचित्र विसंगती

डिफ्यूजन पद्धतीच्या चित्रनिर्मिती प्रारूपाला एखाद्या व्यक्तीचे संदर्भछायाचित्र दिले आणि सोबतच्या प्रॉम्प्टमध्ये त्याच्याशी न जुळणारे वर्णन लिहिले (उदा., काळ्या केसांच्या व्यक्तीसाठी ‘लाल केस’), तर तयार चित्रातील चेहरा मूळ व्यक्तीपासून दुरावतो. केसांचा रंग तर बदलतोच, पण बहुधा त्याबरोबर नाकाची ठेवण, जबड्याची रेघ आणि त्वचेचा वर्णही सरकतो.

याचे स्पष्टीकरण दोन प्रकारे दिले जाते. पहिले ओढाताणीचे. आयपी-अ‍ॅडॉप्टर (२०२३) या पद्धतीत मजकूर व छायाचित्र यांच्याकडे स्वतंत्रपणे लक्ष देऊन दोन्हींची बेरीज केली जाते :

```
Z = Attn(Q, K, V) + λ·Attn(Q, K', V')
```

पहिले पद मजकुराचे, दुसरे छायाचित्राचे. λ हा छायाचित्राचा भारांक. दोन्ही पदे चित्राच्या एकाच जागेवर काम करतात. त्यांच्या दिशा वेगळ्या असल्या की बेरीज धड कोणाचीच राहत नाही.

दुसरे स्पष्टीकरण सहवासाचे. प्रशिक्षणाच्या चित्रांत लाल केस प्रामुख्याने गोरी त्वचा, वांग व फिकट डोळे यांच्या सोबतीने येतात. त्यामुळे ‘लाल केस’ हे शब्द सगळा चेहराच त्या बाजूला ओढतात. हे अधिक पटण्याजोगे वाटते. आर्कफेससारखी ओळखप्रणाली ११२×११२ पिक्सेलांचा, जवळपास निव्वळ चेहऱ्याचा तुकडा पाहते. त्यात केस फारसे येत नाहीत, तरीही तिच्यावर बेतलेल्या पद्धतींत साम्य घटू शकते. केसांवरून झालेली थेट ओढाताण एवढ्यापुरती तरी अपुरी पडते.

सावळ्या, काळ्या केसांच्या स्त्रीचे उदाहरण घेऊ. λ ०.८ असता केस तपकिरी-लालसर होतात आणि गालांवर वांग उमटू लागतात. ०.४ वर केस स्वच्छ लाल येतात, पण चेहरा दुसऱ्याच बाईचा होतो. १ वर चेहरा परततो, मात्र केस काळेच राहून त्यांवर लाल झाक दिसते आणि मूळ छायाचित्रातील मानेची ठेवणही चिकटून येते. दोष प्रॉम्प्टचाच आहे का, हे पाहण्यासाठी तेच सीड ठेवून फक्त ‘लाल केस’ हे शब्द काढावेत. साम्य परतले तर कारण सापडले.

उपाय म्हणजे केसांचा उल्लेख आधी टाळून चेहरा नीट मिळवायचा, मग केसांपुरता मास्क आखून तेवढाच भाग रंगवून घ्यायचा. ऑटोमॅटिक११११ या वेबयूआयमध्ये `[black:red:0.5] hair` असे लिहिल्यास निम्म्या पायऱ्यांनंतर रंग बदलतो. चेहऱ्याचा ढाचा सुरुवातीच्या पायऱ्यांत ठरत असल्याने तो बराचसा वाचतो. बदल फार उशिरा, म्हणजे ०.९ च्या सुमारास ठेवला तर रंग जेमतेम लागतो.

साम्य मोजताना दोन चेहऱ्यांच्या सदिशांतील कोसाइन पाहतात. हा आकडा केसांकडे जवळपास दुर्लक्षच करतो. माणसाचे तसे नाही : परिचिताचा चेहरा आपण अधिक चांगला डोळे-नाक-तोंडावरून ओळखतो, अनोळखी चेहऱ्यात मात्र केस व बाह्यरेषाही तेवढ्याच कामी येतात, असे १९७९ मधील एलिस, शेफर्ड व डेव्हिस यांच्या प्रयोगांत दिसले. त्यामुळे लाल केस पाहून तिऱ्हाइताला चित्र परके वाटले, तरी तेवढ्यावरून साम्य गेले असे ठरत नाही. नाक हलल्याचे घरचे माणूस आधी सांगते.