संस्थापकाच्या चार ओळी कुठून आल्या?

गुंतवणूकदारासमोर ठेवायच्या पिच डेकमध्ये 'आमची टीम' असं एक पान असतं. गोल चौकटीतले तीन-चार फोटो, खाली प्रत्येकाच्या दोन ओळी आणि आधी नोकरी केलेल्या कंपन्यांचे लोगो. अनेकजण ते शेवटच्या रात्री उरकतात. गुंतवणूकदार मात्र बऱ्याचदा तिथूनच वाचायला लागतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे विल्यम सालमन यांनी 1997 साली लिहूनच ठेवलं होतं की हाती आलेल्या व्यवसाय आराखड्यात ते सर्वांत आधी माणसांची माहिती वाचतात. ही सवय आली कुठून, ते पाहण्यासारखं आहे.

जुन्या काळी पैसा अनुभवापेक्षा नावावर उभा राहायचा. 1890 च्या दशकात लंडनमध्ये अर्नेस्ट हूली नावाचा कंपनी-प्रवर्तक होता. त्याने 1896 मध्ये डनलॉप ही टायर कंपनी 30 लाख पौंडांना घेतली आणि 50 लाखांना बाजारात आणली. त्याच्या माहितीपत्रकांवर संचालक म्हणून लॉर्ड मंडळींची नावं झळकत. या सरदारांना टायरमधलं काही कळायची गरज नव्हती, कागदावर शोभलं की पुरे. 1898 मध्ये हूलीचं दिवाळं निघालं तेव्हा ही नावं पैसे देऊन आणलेली होती, हे त्यानेच उघड केलं.

आपल्याकडे नावाची जागा घराण्याने घेतली होती. 1907 मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीसाठी मुंबईत भागभांडवल उभारलं गेलं, तेव्हा सुमारे 8,000 भारतीयांनी तीन आठवड्यांत सव्वादोन कोटींहून अधिक रुपये दिले. ज्यांची ही कल्पना, ते जमशेटजी तोवर वारून तीन वर्षं झाली होती. म्हणजे संस्थापकच हयात नव्हता. लोकांनी पैसे दिले ते टाटा या पेढीच्या पतीवर, आणि ती पत कापड गिरण्यांनी आधीच कमावलेली होती.

नाव नाही, घराणं नाही, वयही तिशीच्या आसपास, अशा माणसांनी भांडवल कसं मागायचं? हा प्रश्न 1957 मध्ये कॅलिफोर्नियात आला, आणि आजच्या टीमच्या पानाचा खरा पूर्वज तिथे सापडतो.

ट्रान्झिस्टरसाठी 1956 चं नोबेल मिळालेले विल्यम शॉक्ली यांनी माउंटन व्ह्यूला प्रयोगशाळा काढून हुशार तरुण गोळा केले होते. शॉक्लींच्या संशयी स्वभावाला ते वर्षा-दीड वर्षात विटले. त्यांतल्या यूजीन क्लायनर यांनी वडिलांचं खातं असलेल्या न्यूयॉर्कच्या 'हेडन, स्टोन' या दलाल पेढीला पत्र लिहिलं. गंमत म्हणजे त्यात कंपनीसाठी भांडवल मागितलेलं नव्हतं. आम्ही सातजण एकत्र काम करतो, आम्हाला एकगठ्ठा नोकरी देणारा मालक शोधून द्या, एवढीच विनंती होती. थोडक्यात, तो सातजणांचा सामाईक बायोडेटा होता. कोण भौतिकशास्त्राचा, कोण धातूशास्त्राचा, कोण यंत्रांचा, हे त्यात होतं. पण मुख्य मुद्दा असा की ही माणसं एकमेकांना पूरक आहेत आणि सिलिकॉनचं उत्पादन लवकर उभं करू शकतात.

पेढीतल्या आर्थर रॉक या तरुणाने ते पत्र वाचून उलट सुचवलं की नोकरी कशाला, कंपनीच काढा. रॉबर्ट नॉइस आठवे म्हणून नंतर सामील झाले. रॉकने तिसेक कंपन्यांची दारं ठोठावली. सगळीकडून नकार आला. बाहेरच्या टोळक्याला वेगळी चूल मांडून दिली तर आपलीच माणसं बिथरतील, ही त्यामागची एक भीती. शेवटी शर्मन फेअरचाइल्ड यांच्या कंपनीने सुमारे 14 लाख डॉलर देऊ केले. आठजणांनी प्रत्येकी 500 डॉलर घातले. 1958 मध्ये आयबीएमने या नव्या फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर कंपनीकडून 100 ट्रान्झिस्टर दरनग 150 डॉलरने घेतले.

या यादीत एक भोक मात्र होतं: आठांपैकी कोणीच कंपनी चालवलेली नव्हती. ते बुजवायला बाहेरून अनुभवी महाव्यवस्थापक आणला. 1959 मध्ये तो काही सहकाऱ्यांना घेऊन बाहेर पडला आणि त्याच धंद्यात प्रतिस्पर्धी म्हणून उभा राहिला. सूत्रं नॉइसकडे आली. मला ही हकीकत महत्त्वाची वाटते. कागदावरची उणीव कागदावर शोभणाऱ्या माणसाने भरली, की सोबत काम केल्याचा धागा नेमका तिथेच तुटतो.

1968 मध्ये नॉइस आणि त्याच आठांतले गॉर्डन मूर यांनी इंटेल काढायचं ठरवलं, तेव्हा चित्र पार उलटलं होतं. नॉइस यांनी टाइप केलेला आराखडा जेमतेम एका पानाचा होता आणि काय बनवणार याबद्दल मुद्दाम मोघम. रॉकने 25 लाख डॉलर झटपट जमवले. अकरा वर्षांपूर्वी दारोदार फिरणारा माणूस तोच, पण आता सांगण्यासारखं घडलेलं होतं: एकात्मिक सर्किटच्या शोधात नॉइस यांचा वाटा होता आणि फेअरचाइल्डची वाढ दोघांच्या हातून झाली होती.

आजच्या टीमच्या पानाला हाच गाळणा लावून पाहू. समजा, नाशिकच्या द्राक्षांसाठी शीतसाखळीची कंपनी आहे. संस्थापक लिहितो, 'शेती क्षेत्रातील 12 वर्षांचा अनुभव, नामांकित निर्यात कंपनीत वरिष्ठ पद.' यात खोटं काही नाही, पण हाती काही लागत नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: 'चार हंगाम एका पॅकहाउसचं प्रीकूलिंग सांभाळलं. युरोपात नाकारल्या गेलेल्या कंटेनरची कारणं स्वतः तपासली. सहसंस्थापक त्याच ठिकाणी रेफ्रिजरेशनचे अभियंता होते. दोघांपैकी कोणी विक्री केलेली नाही, ते पद पहिल्या सहा महिन्यांत भरायचं आहे.' शेवटचं वाक्य लिहायला हात धजत नाही. पण गुंतवणूकदार ते भोक तसंही पाहणारच, आपण आधी दाखवलं तर निदान चर्चा पुढच्या उपायावर जाते.

फसगत होते ती बहुतेक ठरलेल्या जागी. परदेशी विद्यापीठातला दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम पदवीच्या ओळीत बसतो. मोठ्या कंपनीच्या लोगोखाली इंटर्नशिप लपते. पाचशे माणसांच्या विभागाची वाढ एकाच्या नावावर चढते. आणि सल्लागारांच्या रांगेत एखादे साहेब असतात, ज्यांच्याशी एकदा चहा झालेला असतो. हे थेट हूलीच्या लॉर्डांचे वारसदार. तपासायला फार लागत नाही. नोकरीच्या तारखा अनुभवपत्रावरून आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवरून कळतात. माणूस याआधी कोणत्या कंपन्यांवर संचालक होता, ते कंपनी व्यवहार मंत्रालयाकडच्या नोंदीत दिसतं. सर्वांत जास्त सांगून जातो तो जुन्या सहकाऱ्याला केलेला फोन, त्यातही संस्थापकाने ज्याचं नाव सुचवलेलं नाही अशाला केलेला.

डेकमध्ये ही पडताळणी गुंतवणूकदाराच्या मर्जीवर असते. पुढे कंपनी शेअर बाजारात उतरते तेव्हा तोच परिचय सेबीकडे दाखल करायच्या मसुद्यात जातो, आणि प्रत्येक वाक्याला कागद लागतो. अलीकडच्या कित्येक मसुद्यांत जोखमींच्या यादीत एक मजेशीर कलम आढळतं: आमच्या एका प्रवर्तकाला किंवा संचालकाला आपलं पदवी प्रमाणपत्र सापडत नाही, सबब या परिचयातल्या शिक्षणासाठी आम्ही त्यांच्या प्रतिज्ञापत्रावर विसंबलो आहोत.