एका गोळीत दोन औषधं: एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम

घबराट, धडधड, झोप न लागणं अशा तक्रारींसाठी आपल्याकडे बऱ्याचदा एक जोडगोळी लिहून दिली जाते. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचलीत तर तिथे दोन नावं दिसतील: एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. गोळी एकच असल्यामुळे घरात तिला ‘टेन्शनची गोळी’ म्हणतात आणि आत दोन वेगळ्या स्वभावाची औषधं आहेत हे कुणाच्या लक्षात येत नाही. त्यातलं एक महिनोन्‌महिने घ्यायचं असतं, तर दुसरं शक्यतो दोन ते चार आठवड्यांत थांबवायचं असतं.

क्लोनाझेपाम हे बेंझोडायझेपाइन गटातलं औषध आहे. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही त्याचीच भावंडं. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. पेशींची धावपळ आवरण्याचं काम ते करतं आणि ही औषधं त्याचा जोर वाढवतात. त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात छातीतली धडधड कमी होते, हात-पाय सैल पडतात, डोळ्यांवर झोप येते. घेतल्याचं लगेच कळतं.

एस्सिटालोप्रामचं काम मेंदूतल्या सिरोटोनिन या दुसऱ्या रसायनावर चालतं आणि ते फार सावकाश चालतं. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. पहिल्या आठवड्यात तर काहींना मळमळ होते, बेचैनी उलट वाढते. तेवढा कठीण काळ निभावून न्यायला डॉक्टर सोबत क्लोनाझेपाम देतात. नदीवर पक्का पूल होईपर्यंत टाकलेली ती फळी असते.

घोटाळा होतो तो श्रेय देताना. माणसाला जे जाणवतं त्यावर त्याचा विश्वास बसतो. गोळी घेतली की तासाभरात बरं वाटतं, म्हणजे हीच लागू पडली, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात तो तासाभराचा आराम क्लोनाझेपामचा असतो आणि महिन्याभराने बसची गर्दी सहन व्हायला लागते ती बहुधा एस्सिटालोप्राममुळे. मग जुनी चिठ्ठी दाखवून स्ट्रिप आणणं सुरू राहतं आणि दोन आठवड्यांसाठी दिलेलं क्लोनाझेपाम वर्षभर पोटात जातं.

एवढ्या काळात मेंदू गप्प बसत नाही. बाहेरून रोज ब्रेक लागतोय म्हटल्यावर तो आपला ब्रेक ढिला करतो आणि ॲक्सिलरेटर थोडा जास्त दाबतो. पूर्वीच्या मात्रेने झोप येईनाशी होते. गोळी चुकली की मात्र तो दाबलेला ॲक्सिलरेटर उघडा पडतो. याला अवलंबित्व म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलेला डोस एकदाही न वाढवलेल्या, शिस्तीने औषध घेणाऱ्या माणसालाही ते होतं, म्हणून त्याला व्यसनी म्हणणं अन्यायाचं आहे. अल्प्राझोलाममध्ये हे लवकर लक्षात येतं, कारण त्याचा असर काही तासांतच ओसरतो. रात्रीची गोळी घेऊनही पहाटे छातीत धस्स होऊन जाग येते. पुष्कळांना वाटतं आजार बळावला, पण कित्येकदा ती दोन डोसांमधली रिकामी जागा असते. क्लोनाझेपाम शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं, म्हणून त्याचा झटका उशिरा बसतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, पन्नाशीच्या एक बाई वर्षभर रात्री ही जोडगोळी घेत आहेत. आता बरं वाटतंय म्हणून त्यांनी सोमवारी ती एकदम बंद केली. मंगळवार-बुधवार ठीक गेले. गुरुवारी झोप उडाली. शनिवारपर्यंत हाताला कंप सुटला, घाम फुटू लागला, कुकरची शिट्टीसुद्धा कानाला टोचायला लागली. मध्येच डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होऊन चक्कर येते. रविवारी घरच्यांनी पुन्हा गोळी दिली, तासाभरात त्या शांत झाल्या आणि सगळ्यांनी ठरवलं की ही गोळी आता जन्माची.

हा निष्कर्ष घाईचा आहे. आवाज टोचणं, कंप या तक्रारी त्यांना मूळ आजारात कधीच नव्हत्या. गोळी थांबवल्यावर काही दिवसांत त्या आल्या, म्हणजे बहुधा ही क्लोनाझेपाम तुटल्याची लक्षणं. चक्कर आणि विजेचे झटके बहुतेक एस्सिटालोप्राम अचानक थांबल्याचे, कारण तेही एकदम सोडून चालत नाही. खरा आजार परततो तेव्हा तो सहसा आठवड्या-महिन्यांत हळूहळू आणि जुन्याच ओळखीच्या रूपात येतो. गोळी घेतल्यावर बरं वाटलं, हा मात्र पुरावा धरू नये. क्लोनाझेपामने दोन्ही प्रकारची घबराट दबते.

आता या बाईंचं औषध कमी करायचं तर जोडगोळीच आडवी येते. ती अर्धी मोडली की क्लोनाझेपामसोबत एस्सिटालोप्रामही अर्धं होतं. म्हणजे जो आधार ठेवायचा तोच आपण काढून घेतो. म्हणून डॉक्टर आधी दोन्ही औषधं वेगळी लिहितात. एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम जसंच्या तसं आणि क्लोनाझेपाम ०.२५ च्या दोन गोळ्या. मग ०.२५ ची पाव गोळी, म्हणजे एकूण डोसाचा आठवा भाग, दर दोन आठवड्यांनी कमी करता येतो. अशा आठ पायऱ्या म्हणजे साधारण चार महिने. शेवटच्या पायऱ्या सर्वांत अवघड, कारण दोन पावांवरून एकावर येणं म्हणजे डोस थेट निम्मा करणं. तिथे महिनाभर थांबावं लागू शकतं. एखाद्या पायरीवर झोप उडाली तर मागे पळण्यापेक्षा त्याच पायरीवर आणखी काही दिवस राहणं सहसा बरं पडतं. हा हिशोब समजून घेण्यासाठी आहे, आपल्या मनाने करण्यासाठी नाही. ज्याला पूर्वी फिट आली आहे किंवा जो मोठ्या मात्रेत घेतोय, त्याचा वेग डॉक्टरांनीच ठरवायला हवा. एकदम थांबवल्यास अशा माणसाला फिट येऊ शकते. भान हरपणं, भास होणं किंवा फिट येणं यांपैकी काहीही झालं तर थेट रुग्णालय गाठावं.

सुरुवातीलाच हात आखडता घेण्याची डॉक्टरांची कारणं आणखीही आहेत. वयस्कर माणूस रात्री बाथरूमला उठतो, तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. दारू, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध सोबत असेल तर श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधं शेड्यूल एच१ या कडक नियमांच्या सरकारी यादीत आहेत. ती देताना केमिस्टला डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपावी लागते. चिठ्ठीशिवाय मागितल्यावर तो नकार देतो तो या कारणाने.

पहिल्यांदा चिठ्ठी हातात पडली की क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामच्या ओळीपुढे काय लिहिलंय ते पाहा. ‘०-०-१, १५ दिवस’ म्हणजे फक्त रात्री, पंधराच दिवस. ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच. दिवसच लिहिले नसतील तर तिथेच विचारा: यातली थांबवायची कोणती, कधी आणि कशी? जोडगोळी असेल तर दोन वेगळ्या गोळ्या लिहून द्याल का, हेही विचारा.